कागदावरची विमा कंपनी खरी आहे का, आणि ती आयुर्विम्याची की सर्वसाधारण विम्याची?

सांगलीतलं एक घर धरून चालू. घरात तीन कागद आहेत. पहिले दोन गृहकर्ज घेतलं तेव्हा बँकेतून मिळाले आणि दोन्हींवर ‘एसबीआय’ अशी ठळक अक्षरं आहेत. एकाखाली ‘लाइफ’ असं लिहिलं आहे, दुसऱ्याखाली ‘जनरल’. तिसरा कागद म्हणजे स्कूटरच्या विम्याची पीडीएफ, एका ओळखीच्या माणसाने व्हॉट्सॲपवर पाठवलेली. हप्ता नेहमीपेक्षा बराच कमी आणि नाव भारदस्त. घरातल्यांना वाटतं, कर्जाचा विमा दोनदा काढला गेला आणि स्कूटरचा स्वस्तात मिळाला. दोन्ही समज तपासून बघायला अर्धा तास पुरतो, पैसे लागत नाहीत.

भारतात विम्याचा धंदा करायचा तर विमा कायदा १९३८ नुसार नोंदणी लागते. ही नोंदणी हैदराबादचं भारतीय विमा नियामक आणि विकास प्राधिकरण, म्हणजे आयआरडीएआय, देतं. ती देताना धंद्याचा प्रकारही ठरवून दिलेला असतो. एकाच कंपनीला आयुर्विमा आणि सर्वसाधारण विमा, म्हणजे घर, गाडी वगैरेंचा विमा, असे दोन्ही धंदे करता येत नाहीत. म्हणून एकाच घराण्याच्या दोन वेगळ्या कंपन्या दिसतात: एसबीआय लाइफ आणि एसबीआय जनरल, आयसीआयसीआय प्रुडेन्शियल आणि आयसीआयसीआय लोम्बार्ड, एचडीएफसी लाइफ आणि एचडीएफसी अर्गो. बोधचिन्हात साम्य असलं तरी एकीच्या पॉलिसीचा क्लेम दुसरी देत नाही.

आधी कागदावरून तीन गोष्टी टिपून घ्या

कंपनीचं पूर्ण नाव, नोंदणी क्रमांक आणि यूआयएन, म्हणजे विमा योजनेचा ओळख क्रमांक. नाव जसं छापलंय तसंच, शेवटच्या ‘लिमिटेड’पर्यंत उतरवा. नोंदणी क्रमांक बहुतेक वेळा पानाच्या तळाशी, भिंग लागेल इतक्या बारीक अक्षरांत असतो. त्याच्या आधी IRDAI Regn. No. किंवा IRDAI Reg. No. असं छापलेलं असतं. पहिल्या कागदावर तो १११ आहे, दुसऱ्यावर १४४. एलआयसीच्या कागदावर ५१२ दिसेल, न्यू इंडिया अॅश्युरन्सच्या १९०. कंपनीच्या जाहिरातीवर आणि पत्रकावरही हा आकडा असावा लागतो, त्यामुळे हप्ता भरायच्या आधीच तो मिळतो.

नवखा माणूस चकतो तो इथेच, कारण तळाशी इतरही आकड्यांची गर्दी असते. CIN हा इंग्रजी अक्षरं आणि आकडे मिळून एकवीस खुणांचा लांबलचक क्रमांक कंपनी कायद्याखालचा आहे. तो ट्रॅव्हल एजन्सीलाही मिळतो आणि साबणाच्या कारखान्यालाही. जीएसटीचा क्रमांक, उद्यम नोंदणी, आयएसओचं प्रमाणपत्र, ट्रेडमार्कची खूण यांपैकी कशानेही विमा विकायची परवानगी मिळत नाही. बनावट कागद करणारे नेमकी हीच प्रमाणपत्रं मोठ्या अक्षरांत छापतात, कारण ती खरी असू शकतात. ‘सरकारमान्य कंपनी’ असं कुणी म्हणालं तर कोणत्या कायद्याखाली मान्य, एवढं विचारा.

आणखी एक आकडा फसवा असतो, आणि तो मात्र खरा असतो. बँक किंवा ब्रोकर यांनाही आयआरडीएआयकडे नोंदणी करावी लागते. बँकेसारख्या कॉर्पोरेट एजंटचा क्रमांक CA या अक्षरांनी सुरू होतो. ही नोंदणी विमा विकून देण्याची आहे, क्लेमचे पैसे देण्याची नाही. ॲपवर पॉलिसी घेतली असेल तर ॲपचं नाव मोठं आणि विमा कंपनीचं नाव कोपऱ्यात असतं. आपल्याला शोधायचंय ते कोपऱ्यातलं.

तिसऱ्या कागदावर, स्कूटरच्या त्या पीडीएफवर, पत्ता आहे, ईमेल आहे, गोल शिक्का आहे. नोंदणी क्रमांक नाही. एवढ्यावर ती बनावट ठरत नाही, पण पुढची पायरी आता गाळता येणार नाही.

यादी उघडा

ब्राउझरमध्ये `irdai.gov.in` हे हाताने टाइप करा. कुणी पाठवलेल्या लिंकवरून जाऊ नका. पत्ता उजवीकडून वाचायची सवय लावा. सुरुवातीचं https:// सोडून पहिल्या तिरप्या रेघेच्या आधी शेवटी .gov.in, सुरुवातीच्या टिंबासकट, असेल तरच ती सरकारी जागा. मध्येच कुठेतरी irdai असून शेवटी .com किंवा .org असेल तर तिथली यादी, कितीही खरी वाटली, तरी निरुपयोगी आहे.

संकेतस्थळावर विमा कंपन्यांच्या याद्या प्रकारानुसार वेगळ्या ठेवलेल्या आहेत: आयुर्विमा, सर्वसाधारण विमा, फक्त आरोग्यविमा करणाऱ्या कंपन्या आणि पुनर्विमा करणाऱ्या. मेन्यूची मांडणी अधूनमधून बदलते, म्हणून जागा लक्षात ठेवण्यापेक्षा शोधाच्या चौकटीत `List of Life Insurers` किंवा `List of General Insurers` टाकणं सोपं पडतं. दोन्ही याद्या बघा. नाव नुसतं ‘आहे’ एवढं पुरत नाही. ते कोणत्या यादीत आहे, हेच आपल्याला हवं असलेलं उत्तर आहे.

आमच्या तीन कागदांचं असं होतं. एसबीआय लाइफ आयुर्विम्याच्या यादीत सापडते, क्रमांक १११. एसबीआय जनरल सर्वसाधारण विम्याच्या यादीत सापडते, क्रमांक १४४. नाव आणि आकडा दोन्ही जुळले. तिसऱ्या कागदावरचं नाव कुठल्याच यादीत नाही.

आकड्यावरून प्रकार ओळखता येईल का, असं वाटू शकतं. येत नाही. खाजगी कंपन्यांना विम्याचं क्षेत्र खुलं झाल्यावर ऑक्टोबर २००० मध्ये पहिल्या नोंदण्या दिल्या गेल्या, आणि क्रमांक एकाच ओळीने पडत गेले. १०१ एचडीएफसीची आयुर्विमा कंपनी, १०२ रॉयल सुंदरम, १०३ तेव्हाची रिलायन्स जनरल, १०४ तेव्हाची मॅक्स न्यूयॉर्क लाइफ. म्हणजे एक आयुर्विम्याची, पुढच्या दोन सर्वसाधारण विम्याच्या, मग पुन्हा आयुर्विम्याची. जुन्या सरकारी कंपन्यांचे आकडे तर या ओळीतच नाहीत, नॅशनल इन्शुरन्सचा ५८ आहे.

नाव मात्र अक्षर न् अक्षर ताडून बघा. खोट्या कंपन्या सहसा पूर्ण नवं नाव शोधत नाहीत. ‘नॅशनल’, ‘इंडिया’, ‘भारत’, ‘डिजिटल’ असे ओळखीचे शब्द इकडेतिकडे करून जुळवतात. २०२० मध्ये आयआरडीएआयने जाहीर सूचना काढून सांगितलं होतं की बंगळुरूचा पत्ता देणाऱ्या ‘डिजिटल नॅशनल मोटर इन्शुरन्स’ला विमा विकायचा परवाना दिलेला नाही. नॅशनल इन्शुरन्स कंपनी ही कोलकात्याची खरी सरकारी कंपनी आहे, त्यामुळे हे नाव ऐकताना खटकत नाही. अशा सूचना त्याच संकेतस्थळावर असतात, नाव यादीत सापडलं नाही तर तिथेही शोधून बघा.

नाव सापडलं नाही, पण कंपनी खरी आहे, असंही होतं

जुनी पॉलिसी हातात असेल तर घाबरण्याआधी दोन शक्यता तपासा. कंपनीने नाव बदललेलं असू शकतं. वर आलेली मॅक्स न्यूयॉर्क लाइफ पुढे मॅक्स लाइफ झाली आणि २०२४ मध्ये ॲक्सिस मॅक्स लाइफ; नोंदणी क्रमांक १०४ तोच राहिला. पुण्याच्या बजाज अलियान्झच्या दोन कंपन्यांच्या नावातून २०२५ मध्ये ‘अलियान्झ’ गेलं, पण सर्वसाधारण विम्याची ११३ आणि आयुर्विम्याची ११६ हे आकडे कायम आहेत. म्हणून जुन्या कागदासाठी नावापेक्षा क्रमांकाने शोधणं बरं.

दुसरी शक्यता विलीनीकरणाची. एक्साइड लाइफ २०२२ मध्ये एचडीएफसी लाइफमध्ये विलीन झाली, भारती अक्साची सर्वसाधारण विमा कंपनी २०२१ मध्ये आयसीआयसीआय लोम्बार्डमध्ये गेली. तुमच्या बाँडवरचं नाव आज यादीत नसलं तरी जबाबदारी नव्या कंपनीकडे गेलेली असते. तिच्याकडून जुन्या पॉलिसी क्रमांकावर लेखी खुलासा मागून ठेवा.

डाक जीवन विमा आणि ग्रामीण डाक जीवन विमा या यादीत दिसणार नाहीत. टपाल खातं डाक जीवन विमा १८८४ पासून चालवतं, आणि दोन्ही या नोंदणीच्या चौकटीबाहेर आहेत. त्यांची खातरजमा टपाल कार्यालयात करायची.

याउलट, गावातल्या एखाद्या पतसंस्थेची किंवा ट्रस्टची ‘कुटुंब संरक्षण योजना’ असेल, वर्षाला ठराविक रक्कम भरा आणि मृत्यूनंतर वारसाला इतके मिळतील असं आश्वासन असेल, तर त्यामागे नोंदणीकृत विमा कंपनी कोणती, हे विचारा. सामूहिक पॉलिसी असेल तर कंपनीचं नाव, मास्टर पॉलिसीचा क्रमांक आणि तुमच्या नावाचं प्रमाणपत्र मिळायला हवं. ‘आमचाच निधी आहे’ असं उत्तर आलं तर तो विमा नव्हे, चालकांच्या शब्दावरचा व्यवहार आहे.

यादीने काय सांगितलं, ते घरच्या भाषेत

आता पहिल्या दोन कागदांकडे. १११ म्हणजे आयुर्विमा. कर्जदाराचा मृत्यू झाला तर ठरलेली रक्कम देऊन कर्ज फिटावं, यासाठी तो कागद आहे. घर पाण्याखाली गेलं तर त्याचा काही उपयोग नाही. १४४ म्हणजे सर्वसाधारण विमा. त्या पॉलिसीत घराची इमारत आग, पूर, भूकंप अशा गोष्टींपासून सुरक्षित केलेली आहे. २०१९ च्या ऑगस्टमधला कृष्णेचा पूर बघितलेल्या सांगलीकराला हा दुसरा कागद काय कामाचा, हे सांगायला नको. घरातल्यांना जो ‘एकच विमा दोनदा’ वाटला तो मुळात दोन वेगळ्या कंपन्यांचे दोन वेगळे करार होते. त्यातला कोणता हवा, कोणता नको, हा वेगळा प्रश्न. पण एक रद्द करताना दुसरा पुरेल असं धरू नका.

हाच फरक बँकेच्या पासबुकातही दिसतो. प्रधानमंत्री जीवनज्योती योजनेचे वर्षाला ४३६ रुपये आणि सुरक्षा योजनेचे २० रुपये साधारण एकाच सुमाराला कापले जातात. दोन्हींत दोन लाखांची रक्कम सांगितलेली असते. जीवनज्योती आयुर्विमा कंपनीकडे जाते आणि कुठल्याही कारणाने मृत्यू झाला तरी लागू होते, फक्त नव्याने सामील झाल्यावर सुरुवातीचे काही दिवस अपघाती मृत्यूच धरतात. सुरक्षा योजना अपघातापुरती आहे आणि सर्वसाधारण विमा कंपनीकडे जाते. वारसाने दोनपैकी कुठल्या कंपनीकडे अर्ज करायचा, हे बँकेकडून नावानिशी लिहून घ्या.

खरा गुंता आरोग्यविम्याचा. मेडिक्लेम, म्हणजे हॉस्पिटलचं प्रत्यक्ष बिल भागवणारी पॉलिसी, सर्वसाधारण विमा कंपन्या आणि स्टार हेल्थ, केअर, निवा बुपा यांच्यासारख्या फक्त आरोग्यविमा करणाऱ्या कंपन्या विकतात. आयुर्विमा कंपनीही ‘आरोग्य’ नावाची योजना विकू शकते, पण ती ठरलेल्या रकमेची असते. हॉस्पिटलात राहिलेल्या दर दिवसाला इतके, अमुक शस्त्रक्रियेला इतके, अशी. एलआयसीची ‘आरोग्य रक्षक’ याच जातीची आहे. बिल दोन लाखांचं झालं म्हणून दोन लाख मिळतील असं नाही. तक्त्यात जे लिहिलंय तेच मिळेल. ही योजना वाईट नाही, पण तिला मेडिक्लेम समजून दुसरा आरोग्यविमा न काढणं महागात पडतं. कुणी ‘बचतही आणि मेडिक्लेमही’ असं सांगून कागद पुढे केला, तर आधी क्रमांक बघा. कंपनी आयुर्विम्याच्या यादीत असेल, तर त्या वाक्यातला मेडिक्लेम हा शब्द तिथेच खोडायचा.

यूआयएनने दुसरी खात्री

कंपनी खरी निघाली, पण हातातली योजना तिचीच आहे का? प्रत्येक विमा योजनेला आयआरडीएआयकडचा एक ओळख क्रमांक असतो, त्याला यूआयएन म्हणतात. तो योजनेच्या नावाखाली किंवा बाँडच्या प्रत्येक पानावर छापलेला असतो. याची बांधणी समजली की प्रकार पुन्हा एकदा ताडता येतो.

आयुर्विम्याचा यूआयएन कंपनीच्या नोंदणी क्रमांकानेच सुरू होतो. एलआयसीच्या नवीन जीवन आनंदचा एक क्रमांक बघा:

```
512N279V02
```

512 ही कंपनी. N म्हणजे शेअर बाजाराशी न जोडलेली योजना. तिथे L असेल तर ती युलिप, म्हणजे पैसा बाजारात गुंतणार. B असेल तर तो मूळ पॉलिसीला जोडलेला रायडर, वेगळी पॉलिसी नव्हे. 279 हा योजनेचा आकडा आणि V02 ही तिची दुसरी आवृत्ती. योजनेत बदल झाला की आवृत्तीचा आकडा वाढतो, त्यामुळे शेजाऱ्याच्या बाँडवर V03 असलं तर दचकू नका.

गाडी, घर, दुकान यांच्या पॉलिसींचा यूआयएन IRDAN या अक्षरांनी सुरू होतो आणि त्यापुढे नोंदणी क्रमांक येतो. आमच्या दुसऱ्या कागदावर सुरुवात IRDAN144 अशी आहे, म्हणजे सगळं जुळलं. आरोग्याच्या पॉलिसीत सुरुवातीला कंपनीची अक्षरं आणि मग HLI असं दिसतं. स्टार हेल्थच्या वैयक्तिक पॉलिसींवर SHAHLIP अशी सुरुवात असते.

‘मुदत संपल्यावर खात्रीने इतके मिळतील’ असं सांगितलेल्या कागदावर तीन आकड्यांनंतर L असेल, किंवा यूआयएनमधली कंपनी आणि वरच्या बाजूची कंपनी वेगळी असेल, तर तिथेच थांबा. पूर्ण यूआयएन कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावरच्या योजनांशी ताडून बघा.

कंपनीही खरी, योजनाही खरी, पण पॉलिसी खोटी?

हा प्रकार गाडीच्या विम्यात सगळ्यात जास्त चालतो. खऱ्या कंपनीचं नाव, खरा क्रमांक, खरा यूआयएन, आणि खाली संगणकावर बदललेली तारीख आणि गाडीचा नंबर. यादीत हे पकडता येत नाही, कारण यादी कंपनीबद्दल सांगते, तुमच्या कागदाबद्दल नाही. एमपरिवहन ॲपमध्ये गाडीचा नंबर टाकला की विम्याची मुदत दिसते. नव्या पॉलिसीची नोंद तिथे चढायला काही दिवस लागू शकतात, म्हणून दुसऱ्याच दिवशी दिसली नाही तर लगेच निष्कर्ष काढू नका. पॉलिसीवरचा क्यूआर कोड स्कॅन करून उघडणारा पत्ता कंपनीचाच आहे ना, हे बघा. शेवटी कंपनीला फोन करून पॉलिसी क्रमांक विचारा. मात्र फोन नंबर कंपनीच्या संकेतस्थळावरून घ्या. खोट्या पीडीएफवरचा नंबर खोट्याच माणसाकडे लागतो.

विकणाऱ्या माणसाबद्दल थोडंसं. वैयक्तिक एजंट एका आयुर्विमा कंपनीचं, एका सर्वसाधारण विमा कंपनीचं आणि एका आरोग्यविमा कंपनीचं काम करू शकतो. त्यामुळे एकच काका दोन प्रकारचे विमे विकतात, यात गैर काही नाही. पण ओळखपत्र मागा आणि हप्ता त्याच्या खाजगी यूपीआयवर न टाकता कंपनीच्या नावाने भरा. आयआरडीएआयमधून बोलतोय, तुमच्या जुन्या पॉलिसीचा बोनस सोडवायचाय, त्यासाठी नवी पॉलिसी घ्या, असा फोन आला तर बोलणं तिथेच संपवा. आयआरडीएआय पॉलिसी विकत नाही आणि बोनसही जाहीर करत नाही.

गडबड सापडली तर कुठे जायचं

कंपनी नोंदणीकृत आहे, पण मेडिक्लेम म्हणून बचतीची पॉलिसी गळ्यात मारली, असं असेल तर आयुर्विमा आणि आरोग्याच्या पॉलिसीत कागद हाती पडल्यापासून ३० दिवसांत ती परत करता येते. थोडी वजावट होऊन हप्ता परत मिळतो. कागद कधी मिळाला त्याचा पुरावा, कुरिअरची पावती किंवा ईमेलची तारीख, जपून ठेवा. कंपनीने दाद दिली नाही तर बीमा भरोसा पोर्टलवर, `bimabharosa.irdai.gov.in` इथे, किंवा १५५२५५ वर तक्रार नोंदवता येते, आणि त्यानंतर विमा लोकपालाकडे जाता येतं.

कंपनी यादीतच नसेल तर हा रस्ता कामाचा नाही. लोकपाल नोंदणीकृत कंपन्यांच्याच तक्रारी ऐकतो. आमच्या सांगलीच्या घरातल्या तिसऱ्या कागदाचं काम तेच. पैसे ऑनलाइन गेले असतील तर १९३० वर लगेच फोन, `cybercrime.gov.in` वर तक्रार आणि जवळच्या पोलीस ठाण्यात अर्ज; सोबत पीडीएफ, व्यवहाराचा क्रमांक आणि व्हॉट्सॲपवरचं बोलणं, काहीही न पुसता. आयआरडीएआयलाही कंपनीचं नाव कळवा. आणि खऱ्या कंपनीचा थर्ड पार्टी विमा हातात येईपर्यंत स्कूटर रस्त्यावर काढू नका, कारण कायद्याच्या लेखी तिचा विमा उतरवलेलाच नाही.